लॅमार्क-डार्विनच्या तक्त्यातला रिकामा चौकोन (दहावी, विज्ञान भाग २)

मीरा_लालबाग

दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी संध्याकाळी विज्ञान शिकवते. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा भाग दोनमधला पहिलाच धडा. मुलांचा तो पाठ असतो, पण प्रश्न जरा फिरवून आला की लॅमार्कची वाक्यं डार्विनच्या उत्तरात येऊन बसतात.

म्हणून यंदा वेगळं केलं. मार्च आणि जुलैचे जुने पेपर आणि आसपासच्या शाळांच्या पूर्वपरीक्षा जमवल्या. त्यातले फक्त तीन आणि पाच गुणांचे, पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न एका कागदावर एकाखाली एक लिहिले. ‘स्पष्ट करा’, ‘लिहा’ हे सगळं खोडलं. मग प्रत्येक प्रश्नात दोनच गोष्टी उरल्या: कोणाबद्दल विचारलंय आणि त्याचं काय विचारलंय. ‘कोणाबद्दल’ तक्त्याच्या डोक्यावर गेलं, ‘काय’ डाव्या बाजूला उतरलं. लॅमार्कवादाचा प्रश्न आणि नैसर्गिक निवडीचा प्रश्न वेगवेगळ्या वर्षी आलेले असले तरी त्यांची डावी बाजू जवळजवळ एकच निघाली. मुलांबरोबर भरलेला तक्ता हा:

| विचारायचं काय | लॅमार्क | डार्विन |
|---|---|---|
| बदल मुळात येतो कुठून | अवयवाचा वापर किंवा न वापर | ? |
| बदल कधीचा | जगताना मिळवलेला | जन्मापासूनच असलेला लहानसा फरक |
| परिस्थितीचं काम | प्राण्याला बदलायला लावते | असलेल्यांतून निवड करते |
| पुढच्या पिढीत कसा | मिळवलेला गुण पिल्लांत उतरतो | टिकलेल्यांची पिल्लं जास्त, त्यामुळे तो गुण वाढत जातो |
| जिराफ | मान ताणून ताणून लांब झाली | आधीच लांब मान असलेले टिकले |
| आक्षेप | शरीराने कमावलेलं पिल्लांना मिळत नाही | एकटी नैसर्गिक निवड पुरत नाही. उपयोगी आणि निरुपयोगी बदलांचा, सावकाश आणि एकदम होणाऱ्या बदलांचा खुलासा नाही |

प्रश्नचिन्ह आहे त्या चौकोनात निम्म्या वर्गाने ‘गरज’ लिहिलं. ते मी खोडलं, पण त्याजागी काय लिहायचं? आणि दुसरं, पाच गुणांच्या प्रश्नाला असा तक्ता जसाच्या तसा लिहिला तर चालेल का?

अजिंक्य_बारावी

ताई, तिथे ‘उत्परिवर्तन’ लिहा. जनुकात अचानक बदल होतो आणि त्यातून फरक येतो. आम्हाला नीटच्या क्लासमध्ये असंच सांगितलंय.

लॅमार्कच्या आक्षेपात वाइझमान पण टाका. त्याने उंदरांच्या शेपट्या पिढ्यानपिढ्या कापल्या, तरी पिल्लं शेपटीसकट जन्मली. तिथे लॅमार्क संपला.

खडू_फळा

मीराताई, अनेक वर्षं शिकवलं आणि पेपरही तपासले, त्या अनुभवावर लिहितो.

अजिंक्य, विज्ञान म्हणून तुझं बरोबर आहे. पण तो चौकोन डार्विनच्या नावाखाली आहे आणि डार्विनला उत्परिवर्तन ठाऊक नव्हतं. त्याचा ग्रंथ १८५९चा. मेंडेलचा वाटाण्यांवरचा लेख छापला गेला १८६६मध्ये, पण १९००पर्यंत त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ह्युगो द व्रीसचा उत्परिवर्तनाचा सिद्धांत १९०१चा. डार्विन वारला १८८२ साली. सजीवांमध्ये फरक असतात हे त्याने भरभरून दाखवलं, ते येतात कुठून हे त्याला समाधानकारक सांगता आलं नाही. अधूनमधून तो स्वतःही वापर आणि न वापराचा आधार घेत होता.

म्हणून ताई, तो चौकोन रिकामाच ठेवा. मुलांना तिथे ‘सांगता आलं नाही’ असं लिहू द्या. आता त्याच स्तंभात खाली ‘आक्षेप’ वाचा. उपयोगी-निरुपयोगी बदल, सावकाश-एकदम होणारे बदल, यांचा खुलासा का नाही? कारण वरचा चौकोन रिकामा आहे. मुलं आक्षेप तीन सुटे मुद्दे म्हणून पाठ करतात आणि एखादा हमखास विसरतात. निदान शेवटचे दोन या रिकाम्या जागेतून आपोआप आठवतात.

मग उजवीकडे तिसरा स्तंभ काढा आणि त्याच्या डोक्यावर ‘उत्परिवर्तन’ लिहा. बदल येतो कुठून? डीएनएमधल्या न्यूक्लिओटाइडच्या जागा बदलातून. कधीचा? एकदम झालेला. गरजेशी संबंध? नाही. या स्तंभाने उत्क्रांतीचा तक्ता आनुवंशिकतेला जोडला जातो. धड्यात हे दोन भाग शेजारी आहेत, पण मुलांच्या डोक्यात ते दोन वेगळे धडे असतात.

वाइझमानबद्दल सावध राहा. शेपटी कापणं म्हणजे इजा. लॅमार्क बोलत होता वापराबद्दल, त्यामुळे नुसत्या शेपट्यांनी त्याला पूर्ण उत्तर मिळत नाही. वाइझमानचा खरा मुद्दा वेगळा आहे. शरीराच्या पेशी वेगळ्या, बीजपेशी वेगळ्या, आणि शरीरात झालेली कमाई बीजपेशींत जाऊन लिहिली जात नाही. आक्षेपाच्या चौकोनात हा मुद्दा हवा.

सुनील_रात्रशाळा

नमस्कार. मी दिवसा कामाला जातो आणि रात्रशाळेतून यंदा दहावीला बसतोय. खडू-फळा सर, शेवटचा मुद्दा मला पटत नाही. माझे वडील मशीद बंदरला माथाडी होते, आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिल्या. त्यांचे खांदे केवढे रुंद! माझेही तसेच आहेत. पुस्तकात लोहाराच्या खांद्याचं उदाहरण आहे, ते लॅमार्कच्या बाजूचं आहे ना? मग माझ्या घरात तर तो खरा ठरतो. परीक्षेत मी काय लिहू, जे दिसतंय ते की पुस्तकातलं?

खडू_फळा

सुनीलराव, चांगलं विचारलंत. दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. तुम्ही दिवसा काय काम करता? आणि तुम्हाला बसून काम करणारा सख्खा भाऊ आहे का?

सुनील_रात्रशाळा

मी टेम्पोवर माल चढवतो-उतरवतो. धाकटा भाऊ ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो. त्याचीही हाडं रुंदच आहेत, पण अंग भरलेलं नाही.

खडू_फळा

मग उत्तर तुमच्याच घरात आहे. हाडांचा रुंद सांगाडा दोघा भावांना मिळाला, तो वडिलांना गोणी उचलायच्या आधीपासून होता. गोणींनी वडिलांचे स्नायू भरले. तो भाग भावाला मिळाला नाही. तुमचे स्नायू भरलेत ते तुमच्या स्वतःच्या कामाने. वडिलांनी कमावलेलं तुमच्यात उतरलं असतं तर भावातही उतरायला हवं होतं. एका घरावरून सिद्धांत सिद्ध होत नाही हे खरं, पण प्रश्न कसा सोडवायचा ते यातून कळतं. तक्त्याच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारायचं, हा फरक जन्माचा की जगताना मिळवलेला?

परीक्षेत लोहार लॅमार्कच्या उत्तरातच लिहा. तिथे त्याचं म्हणणं विचारलेलं असतं. ते टिकलं का, हे आक्षेपात येतं.

कल्याणीची_आई

मीराताई, तक्ता छान आहे. सगळ्या धड्याचे असे तयार तक्ते मिळतील का? झेरॉक्स काढून कल्याणीला पाठ करायला देईन. राणीच्या बागेत पेंग्विन बघून आल्यापासून ती त्याच विषयावर बोलतेय. तिने लॅमार्कच्या रकान्यात लिहिलंय, ‘पेंग्विनने पंख वापरले नाहीत म्हणून त्याला उडता येत नाही.’ बरोबर आहे ना? पुस्तकात शहामृग आणि इमू आहेत, तसंच.

मीरा_लालबाग

कल्याणीच्या आई, तयार तक्ते मी मुद्दाम देत नाही. एका मुलाला गेल्या खेपेचा पाठ होता. प्रश्नात आक्षेप विचारले होते तरी त्याने पाठ केलेल्या क्रमाने सगळ्या ओळी उतरवल्या आणि आक्षेपांपर्यंत पोचेतो वेळ संपली. प्रश्नांमधून ओळी काढताना मूल ‘काय विचारलंय’ ते वाचायला शिकतं. ती मेहनत तिला करू द्या. जुने प्रश्न मी नक्की पाठवते.

पेंग्विनबद्दल मात्र कल्याणीला पुन्हा काचेपाशी उभं करा. पेंग्विन पाण्यात गेला की पंखच मारतो. तो पंख जोरात वापरतोय, फक्त हवेऐवजी पाण्यात. त्यामुळे ‘न वापर’ या सदरात तो बसतच नाही. शहामृग, इमू लिहिले तर प्रश्न येत नाही, कारण लॅमार्कचं म्हणणं म्हणून पुस्तक तेच देतं.

तिला पेंग्विन घ्यायचाच असेल तर डार्विनच्या स्तंभात घेऊ दे. ज्यांचे पंख पाणी कापायला थोडे जास्त सोयीचे होते त्यांना मासे जास्त मिळाले, त्यांची पिल्लं जास्त जगली, असं कित्येक पिढ्या चाललं. आणि त्या पंखातल्या हाडांची रचना इतर पक्ष्यांच्या पंखासारखीच आहे. ते ‘शरीरशास्त्रीय पुरावे’ या प्रश्नाला उपयोगी पडेल, पण त्याचा तक्ता वेगळा. पुराव्यांचे प्रश्न मी या तक्त्यात घालून बघितले, ते बसले नाहीत. ‘जीवाश्मात बदल येतो कुठून’ या प्रश्नाला अर्थच नाही. डावीकडची ओळ ज्या स्तंभाला विचारताच येत नाही, तो स्तंभ दुसऱ्या तक्त्याचा असतो.

परळ_लॅब

मी परळला एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. जिराफापेक्षा जवळचं उदाहरण देते, कारण इथे मोठी माणसंही ‘परिस्थितीचं काम’ या ओळीत रोज गोंधळतात.

क्षयाच्या रुग्णाने औषध अर्धवट सोडलं की घरचे म्हणतात, जंतूला औषधाची सवय झाली. ऐकायला बरोबर वाटतं, पण हे तक्त्यात लॅमार्कच्या खाली जाईल. प्रत्यक्षात जंतू कोट्यवधींनी असतात आणि त्यात एखाद-दुसऱ्याच्या जनुकात आधीच असा बदल झालेला असतो की ते औषध त्याच्यावर चालत नाही. औषध बाकीच्यांना मारतं, तो उरतो आणि वाढतो. औषधाने बदल घडवला नाही, निवड केली. म्हणून तर सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात. एकाला दाद न देणारा जंतू विरळा, एकाच वेळी चौघांना दाद न देणारा त्याहून कितीतरी विरळा.

अजिंक्य_बारावी

पण ताई, बदल औषधाच्या आधीच झाला होता हे कशावरून? औषध दिल्यावरही झाला असेल. शेवटी दोन्हीकडे उरलेले जंतू सारखेच दिसणार.

परळ_लॅब

नेमका हाच प्रश्न लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३मध्ये सोडवला. त्यांच्याकडे क्षयाचे जंतू आणि औषध नव्हतं, साधे जिवाणू आणि त्यांना मारणारा विषाणू होता. बऱ्याच छोट्या नळ्यांत थोडे थोडे जिवाणू वेगवेगळे वाढवले. मग प्रत्येक नळीतले जिवाणू विषाणूंनी भरलेल्या वेगळ्या ताटलीवर पसरले आणि किती वाचले ते मोजलं.

विषाणू भेटल्यावर बदल होत असता तर सगळ्या ताटल्यांत वाचलेल्यांचा आकडा साधारण सारखा आला असता, कारण सगळ्यांना विषाणू एकाच वेळी भेटला. तसं झालं नाही. बहुतेक ताटल्यांत एकही नाही किंवा मोजके वाचलेले, आणि मध्येच एखाद्या ताटलीत भरपूर. त्या नळीत बदल फार आधी झाला होता, विषाणू भेटायच्या कितीतरी पिढ्या आधी, आणि तोवर त्याचं कुटुंब मोठं झालं होतं.

खडू_फळा

परळताईंच्या या पोस्टमुळे तक्त्याला एक ओळ मिळाली, ती सगळ्यांनी घाला: ‘आधी काय, बदल की गरज?’ लॅमार्क: आधी गरज. डार्विन: आधी फरक. उत्परिवर्तन: आधी बदल, आणि गरजेशी त्याचं देणंघेणं नाही.

या ओळीने उत्तर तपासताही येतं. लिहिलेलं वाक्य उचलून शेजारच्या स्तंभात ठेवून बघा. तिथेही ते खरं वाटत असेल तर त्या वाक्याला गुण मिळणार नाहीत. ‘परिस्थितीनुसार सजीवांत बदल होतो आणि ते टिकतात’ हे दोघांच्याही खाली बसतं, म्हणून ते कोणाचंच उत्तर नाही. ‘लांब मानेचे जिराफ आधीच होते, उंच पाला त्यांनाच मिळाला’ हे लॅमार्कखाली ठेवा, लगेच खटकेल. ते वाक्य खरं डार्विनचं.

अजिंक्य_बारावी

मग एपिजेनेटिक्सचं काय, म्हणजे डीएनए तोच राहून त्याच्यावर बसणाऱ्या खुणांचं? दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, त्याचा परिणाम पोटात असलेल्या मुलांवर मोठेपणीही दिसला. म्हणजे लॅमार्क थोडा बरोबर होता असं कुठे कुठे वाचतो.

परळ_लॅब

ती मुलं त्या वेळी पोटात होती, म्हणजे उपासमार त्यांना स्वतःला झाली. त्याला वारसा म्हणता येत नाही. वनस्पतींत आणि काही लहान प्राण्यांत अशा खुणा काही पिढ्या टिकलेल्या दिसल्या आहेत. माणसात त्या पिढ्यानपिढ्या जातात का, यावर एकमत नाही.

खडू_फळा

दहावीच्या उत्तरात हे नको, एवढं मी ठामपणे सांगेन.

अजिंक्य_बारावी

दहावीत नको, मान्य. पण ‘लॅमार्क संपला’ असं मी आता म्हणणार नाही, आणि ‘बरोबर होता’ हे कुणी सिद्ध केलंय असंही दिसत नाही.

मीरा_लालबाग

तिसऱ्या स्तंभामुळे आनुवंशिकतेचा तक्ताही सोपा झाला. प्रतिलेखन आणि भाषांतरण यांवर मोठे प्रश्न येतात. त्यांच्या ओळी अशा निघाल्या: कुठे घडतं, साचा कोणाचा, तयार काय होतं. प्रतिलेखन केंद्रकात, साचा डीएनएच्या एका धाग्याचा, तयार होतो एम-आरएनए. भाषांतरण पेशीद्रव्यात रायबोझोमवर, साचा एम-आरएनएचा, तयार होते अमिनो आम्लांची साखळी. एकाची ‘तयार काय’ दुसऱ्याचा ‘साचा’ बनते, हे मुलांनी स्वतः बाण काढून दाखवलं.

मग मी सिकलसेलचं उदाहरण त्या बाणांवरून चालवलं. डीएनएमध्ये एकच जागा बदलली. प्रतिलेखनात तोच बदल एम-आरएनएमध्ये उतरला, जीएजीच्या जागी जीयूजी आलं. भाषांतरणात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं. हिमोग्लोबिन बदललं आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकायला लागली. उत्परिवर्तन कुठल्या तक्त्यात घालायचं, असं एकीने विचारलं. दोन्हींत, कारण इथे ते सुरू होतं आणि तिथे निसर्ग त्यातून निवडतो.

पण पाच गुणांचा तक्ता चालेल का, हे राहिलंच.

खडू_फळा

‘फरक स्पष्ट करा’ असेल तर तक्ता चालतो, तिथे ओळी आडव्या वाचायच्या. ‘सिद्धांत स्पष्ट करा’ असेल तर एकच स्तंभ वरून खाली वाचायचा आणि प्रत्येक चौकोनाचं वाक्य करायचं. नुसता तक्ता दिला तर त्यात ‘म्हणून’ कुठेच नसतं, आणि स्पष्टीकरणाचे गुण ‘म्हणून’ला असतात. मी तक्त्याला पूर्ण गुण दिले नसते.

परळ_लॅब

माझ्या भाचीने पाच गुणांना तक्ता आणि खाली चार ओळी लिहिल्या, तिला चांगले गुण मिळाले.

खडू_फळा

खालच्या चार ओळींनी तिला वाचवलं असेल. तक्त्याने दिले असतील तर तो तपासनीस माझ्यापेक्षा वेगळा विचार करणारा. दोन्ही प्रकारचे असतात.

सुनील_रात्रशाळा

सर, मी डार्विनचा स्तंभ वरून खाली वाचून लिहिलंय. तपासा.

‘सजीव मोठ्या संख्येने पिल्लांना जन्म देतात. सगळ्यांना अन्न आणि जागा पुरत नाही, म्हणून त्यांच्यात जगण्यासाठी स्पर्धा होते. एकाच जातीत जन्मापासून लहान लहान फरक असतात. काही जिराफांची मान आधीच थोडी लांब होती. दुष्काळात खालचा पाला संपला, म्हणून लांब मानेचे टिकले आणि त्यांना पिल्लं जास्त झाली. त्यामुळे पुढच्या पिढीत लांब मानेचे जास्त झाले. असे बदल साठत जाऊन नवीन जात तयार झाली. आक्षेप: नैसर्गिक निवड हे एकच कारण नाही. उपयोगी आणि निरुपयोगी बदल कसे होतात ते डार्विनने सांगितले नाही. जिराफाला उंच पाला हवा होता म्हणून मान वाढत गेली.’

खडू_फळा

उत्तम, फक्त शेवटचं वाक्य काढा. त्या एका वाक्याने तुम्ही वरचं सगळं परत लॅमार्ककडे नेलंय. ‘आधी काय’ या ओळीवर ठेवून बघा, गरज आधी आली आहे. त्या जागी राहिलेला तिसरा आक्षेप लिहा, सावकाश आणि एकदम होणाऱ्या बदलांचा. आणि ‘दुष्काळात’ हे तुम्ही उदाहरणासाठी घेतलंय, ते ठेवा.

सुनील_रात्रशाळा

काढलं. उद्या लॅमार्कचा स्तंभ लिहून टाकतो, त्यात लोहार घेतो. वडिलांच्या गोण्या घेतल्या तर चालतील का?

खडू_फळा

लोहाराच्या जोडीला घ्या. पण त्यांचे खांदे कामाने भरले एवढंच लिहा, तुमच्यात उतरले असं लॅमार्कच्या तोंडी घाला.